द्विमान वृक्ष साठवताना: पूर्वक्रम की स्तरक्रम?

मुळाशी 1, त्याच्या डावीकडे काहीच नाही, उजवीकडे 3 आणि 3 ची अपत्ये 4 व 5, असा वृक्ष घेऊ. रिकाम्या जागी # लिहिल्यास दोन ओळी मिळतात:

```
पूर्वक्रम: 1 # 3 4 # # 5 # #
स्तरक्रम: 1 # 3 4 5 # # # #
```

लांबी सारखीच आहे, कारण n गाठींना नेहमी n+1 रिकाम्या खुणा लागतात; मात्र स्तरक्रमात शेवटच्या खुणा गाळण्याची पद्धत रूढ आहे.

पुनर्बांधणीत पूर्वक्रम सोपा पडतो: एक चिन्ह वाचावे, # असल्यास परतावे, अन्यथा आधी डावा आणि मग उजवा उपवृक्ष बांधावा. अडचण खोलीची आहे. एकाच बाजूला वाढलेल्या हजारो गाठींच्या साखळीवर पायथॉनची 1000 ही मूळ रिकर्शन मर्यादा ओलांडली जाते आणि `RecursionError` येते.

स्तरक्रमात रांग वापरल्याने ही भीती नसते. रुंद वृक्षात रांग लांबते, इतकेच. खरी चूक वेगळीच होते: डावे अपत्य `2*i+1` वर शोधले जाते. इथे शून्यापासून मोजल्यास 3 चा क्रमांक i = 2 आहे, म्हणून सूत्र क्रमांक 5 वर पाहते आणि तिथे # सापडते. 4 व 5 निमूटपणे गळतात, त्रुटीही दिसत नाही. रिकाम्या गाठीची अपत्ये लिहिलेलीच नसल्याने सूत्राऐवजी रांगेतूनच पालक काढावा लागतो.

वृक्ष बऱ्यापैकी संतुलित असून संहिता लहान हवी असेल, तर पूर्वक्रम घ्यावा. खोलीची खात्री नसेल किंवा ओळ माणसाने स्तरागणिक वाचायची असेल, तर स्तरक्रम.