सकाळचं गाणं संध्याकाळी शोधायचंय: स्पॉटिफायचं Recents, यूट्यूबची History की My Activity?

गाण्याचं नाव आठवत नाही, गायक आठवत नाही, चालही अर्धीमुर्धीच डोक्यात आहे. पण ते आज सकाळीच ऐकलं हे नक्की. अशा वेळी शोधाच्या खिडकीत शब्द टाकून फार काही हाती लागत नाही. अ‍ॅपने तुमच्यामागे ठेवलेली नोंद उघडायची आणि त्यातून गाणं वेचायचं, हा सरळ मार्ग. अडचण एवढीच की प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या प्रकारची नोंद ठेवतं. कुणी फक्त क्रम दाखवतं, कुणी फक्त दिवस, तर कुणी मिनिटासकट वेळ. म्हणून कोणतं अ‍ॅप चांगलं, हे विचारण्याआधी स्वतःला विचारा: मला त्या गाण्याबद्दल काय आठवतंय? आधी-नंतर काय लागलं होतं ते, की तेव्हा किती वाजले होते ते?

स्पॉटिफायपासून सुरुवात करू, कारण तिथली नोंद वाचायला सगळ्यांत सोपी आहे. फोनवर होम स्क्रीनवरच्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं की Recents दिसतं. काही फोनवर त्यालाच Listening history म्हटलेलं असतं. आतमध्ये दिवसवार यादी, ताजं सगळ्यांत वर. गाण्याचं नाव, गायक आणि मुखपृष्ठ समोरच दिसतं. मुखपृष्ठाचा इथे फार उपयोग होतो, कारण नाव विसरलेल्या माणसालाही "पिवळ्या रंगाचं काहीतरी होतं" एवढं आठवतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एका प्लेलिस्टमधली किंवा अल्बममधली सलग गाणी ते एकाच ओळीत गुंडाळून ठेवतं आणि किती गाणी वाजली तेवढा आकडा दाखवतं. ती ओळ उघडल्याशिवाय आतली गाणी दिसत नाहीत. यादीत गाणं नाही असं वाटून परत फिरण्याआधी अशा गुंडाळलेल्या ओळी उघडून बघा.

स्पॉटिफायची उणीव अशी की यादीत घड्याळाची वेळ दिसत नाही. आठ वाजताचं गाणं कोणतं, हे ते सांगणार नाही. कशानंतर काय लागलं, एवढंच सांगेल. संगणकावर ऐकत असाल तर आणखी एक मर्यादा येते. तिथे Queue च्या बाजूला Recently played आहे, पण त्यात शेवटची 50 गाणीच राहतात. सरासरी चार मिनिटांचं गाणं धरलं तर ही साधारण सव्वातीन तासांची नोंद झाली. ऑफिसात दिवसभर गाणी चालू ठेवणाऱ्याचं सकाळचं गाणं दुपारच्या जेवणापर्यंत तिथून खाली ढकललं गेलेलं असतं. तेव्हा संगणकावर सापडलं नाही म्हणून हार मानू नका, फोनवरचं Recents उघडा.

यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक एकाच गुगल खात्यावर चालवत असाल तर दोन्हींचा इतिहास मुळात एकच असतो. यूट्यूबमध्ये You या भागात History, आणि यूट्यूब म्युझिकमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून History. गाणं शोधायचं असेल तर यूट्यूब म्युझिकमधूनच उघडावं असं माझं मत आहे. यूट्यूबच्या यादीत शेतीचे व्हिडिओ, बातम्या, पोरांची कार्टून्स आणि शॉर्ट्स यांची एवढी गर्दी असते की गाणं त्यात हरवून जातं. या याद्याही ताजं वर अशाच असतात, आज-काल असे भाग पाडलेल्या, आणि वेळ तिथेही दिसत नाही.

पण वेळ गुगलकडे असते. यूट्यूबच्या History मध्ये वरच्या तीन ठिपक्यांवरून Manage all history उघडा, किंवा ब्राउझरमध्ये `myactivity.google.com` टाकून त्याच खात्याने आत जा आणि Filter by date & product मध्ये YouTube निवडा. या My Activity पानावर प्रत्येक नोंदीखाली किती वाजता ते लावलं, हे तास-मिनिटांसह लिहिलेलं असतं. दिसायला हे पान कोरडं आहे. तरीही नाव विसरलेलं गाणं शोधायला माझ्या मते याच्याइतकं कामाचं दुसरं पान नाही. कारण माणूस गाण्याचं नाव विसरतो, पण गाणं चालू असताना काय घडलं ते विसरत नाही, आणि जे घडलं त्याची वेळ बहुतेकदा फोनमध्येच कुठेतरी लिहिलेली असते. फोन आला असेल तर कॉल लॉगमध्ये. चहाचे पैसे स्कॅन करून दिले असतील तर त्या व्यवहारात. फोटो काढला असेल तर फोटोच्या तपशिलात. तिकीट जपून ठेवलं असेल तर तिकिटावर.

हे प्रत्यक्षात कसं जमतं ते माझ्या मावसबहिणीच्या उदाहरणातून सांगतो. ती रोज सकाळी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला बसने कामाला जाते. तिने यूट्यूबचं प्रीमियम घेतलंय, म्हणून स्क्रीन बंद करून फोन पर्समध्ये ठेवते आणि कानात गाणी चालू. संध्याकाळी तिचा फोन आला, "दादा, सकाळी लय भारी गाणं लागलं होतं, पण फोन पर्समध्येच राहिला, नाव बघायचंच राहून गेलं. आता कुठं शोधू?" मी विचारलं, तेव्हा गाडी कुठे होती? ती म्हणाली, करमाडच्या अलीकडे, आणि गाणं चालू असतानाच आईचा फोन आला होता.

एवढं पुरेसं होतं. कॉल लॉगमध्ये आईचा फोन 8:47 चा निघाला. My Activity मध्ये सकाळच्या नोंदी पाहिल्या, तर 8:19 ला एक भक्तिगीतांचा नॉनस्टॉप व्हिडिओ सुरू झालेला, सव्वा तासाचा, आणि त्यानंतर थेट कामावर पोहोचल्यानंतरची नोंद. म्हणजे फोन आला तेव्हा हाच व्हिडिओ चालू होता. बऱ्याच जणांचा शोध इथेच अडतो. इतिहासात व्हिडिओचं नाव मिळतं, त्यातल्या पंधरा गाण्यांपैकी आपलं कोणतं, ते मिळत नाही. आपल्याकडे भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं बहुतेक अशा लांबलचक ज्यूकबॉक्समध्येच ऐकली जातात, म्हणून हा प्रसंग वारंवार येतो.

मग साधी वजाबाकी. My Activity मधली वेळ व्हिडिओ सुरू केल्याची असते. 8:47 मधून 8:19 गेले, राहिली 28 मिनिटं. व्हिडिओच्या वर्णनात गाण्यांची यादी आणि प्रत्येकाची सुरुवातीची वेळ दिलेली होती. एक गाणं 22:40 ला सुरू होत होतं, पुढचं 27:15 ला. दोन्ही वाजवून बघितली. तिने ऐकल्या ऐकल्या पहिलं ओळखलं. अठ्ठावीसऐवजी सव्वीस-सत्तावीस मिनिटांपर्यंतच व्हिडिओ पोहोचला असणार, कारण मध्ये कुठेतरी रेंज जाऊन तो थांबला असावा. म्हणून वजाबाकीचं उत्तर तंतोतंत न धरता त्याच्या आधीचं गाणंही वाजवून बघावं. प्रीमियम नसेल तर जाहिरातींचा वेळही यात जातो, आणि तेव्हा दोन गाणी मागे जाऊन बघायची तयारी ठेवा. व्हिडिओच्या चित्राखालच्या लाल रेषेवर मात्र विसंबू नका. ती शेवटी कुठे थांबलात ते दाखवते. बहिणीने फोन संपल्यावर ऐकणं पुढे चालू ठेवलं होतं, त्यामुळे रेषा केव्हाच पुढे सरकली होती.

हेच सगळं स्पॉटिफायवर झालं असतं तर? गाणी सुटी असती आणि प्रत्येकाचं नाव यादीत समोर दिसलं असतं, हा मोठा फायदा. पण 8:47 हा आकडा तिथे थेट लावता आला नसता. मग ओळखीचं गाणं खुंटी म्हणून धरावं लागतं. समजा, सव्वानऊला चिकलठाण्याला उतरताना तिने स्वतः निवडून एखादं गाणं लावलं होतं. ते यादीत पटकन दिसतं. 8:47 ते 9:15 ही 28 मिनिटं, बोलण्यात चार गेली तर ऐकण्याची 24, म्हणजे चार-चार मिनिटांची साधारण सहा गाणी. यादीत ताजं वर असतं, म्हणून त्या ओळखीच्या गाण्याखाली पाचव्या ते सातव्या ओळीत शोधायचं. काम होतं, पण अंदाजाने. मधली गाणी पुढे ढकलत गेला असाल तर हिशेब लगेच बिघडतो.

म्हणून निवड करताना मी असं सांगेन. तुम्ही सुटी गाणी ऐकत असाल, दिवसभरात फार नाहीत आणि डोळ्याला चित्र लक्षात राहत असेल, तर स्पॉटिफायचं Recents पुरेसं आहे आणि सगळ्यांत झटपट आहे. दिवसभर गाणी चालूच असतील, किंवा लांब व्हिडिओ लावून ठेवायची सवय असेल, तर गुगलच्या वेळेच्या नोंदीला पर्याय नाही. दोन्ही अ‍ॅप फोनमध्ये असतील आणि असं गाणं शोधायची वेळ वारंवार येत असेल, तर मी यूट्यूब म्युझिककडे झुकेन. तिथे गाणी सुटी असतात आणि त्यांची वेळ My Activity मध्ये मिनिटासकट मिळते.

मोजक्या शब्दांनी शोधायचं असेल तर यूट्यूबच्या History मध्ये शोधाची खिडकीही आहे. ती नावातले शब्द बघते, गाण्याचे बोल नाही. मराठी गाण्यांची नावं कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत टाकलेली असतात, म्हणून एकदा "अभंग" आणि एकदा `abhang` असं दोन्ही टाकून बघावं.

काही वेळा यादीत गाणं नसतंच, आणि त्याची कारणं आधी तपासली तर तासभर वाचतो. यूट्यूब इन्कॉग्निटोमध्ये उघडलं असेल किंवा पाहण्याचा इतिहास थांबवून ठेवला असेल, तर नोंद झालेलीच नाही आणि ती परत मिळणार नाही. घरी टीव्हीवर भावाच्या खात्याने गाणं लागलं असेल तर ते त्याच्या इतिहासात आहे, तुमच्या नाही. एका फोनवर दोन खाती असतील तर My Activity उघडताना वरच्या कोपऱ्यातला फोटो कोणाचा आहे ते बघा. माझ्याकडे "सापडत नाही" म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण हीच निघाली. रेंज नसलेल्या भागात डाउनलोड केलेली गाणी स्पॉटिफायवर ऐकली असतील तर इंटरनेट आल्यावर अ‍ॅप उघडून थोडा वेळ थांबा, नोंद मागाहून जुळते.

आणि गाणं रिक्षात, हॉटेलात किंवा लग्नाच्या मांडवात दुसऱ्याच्या स्पीकरवर ऐकलं असेल, तर यातलं एकही पान कामाचं नाही. तेव्हा चालवणाऱ्यालाच विचारा, "भाऊ, सकाळी नऊच्या सुमारास काय लावलं होतं?" त्याच्या फोनमध्ये ते गाणं वेळेसकट असण्याची बरीच शक्यता आहे.