नोंदणीच्या कागदांवरून आलेली दुबार नावं: स्प्रेडशीट की ओपनरिफाइन?

आरोग्य शिबिराच्या नोंदणीचे कागद चार टेबलांवर ठेवलेले असतात. शिबिर संपलं की कुणीतरी त्यांचे फोटो काढून पाठवतं, त्यातून नावं आणि फोन काढून एक यादी होते आणि एकच बाई त्या यादीत तीन वेळा येते. अशी यादी स्वच्छ करायला बहुतेक जण एक्सेल किंवा गूगल शीट्स उघडतात. मीही बराच काळ तेच केलं, आता ओपनरिफाइन हे याद्या स्वच्छ करायचं साधन वापरतो. तुम्ही ठरवण्याच्या टप्प्यावर असाल, तर दोन्हीकडे नेमकं काय होतं ते सांगतो.

साधन कुठलंही निवडा, प्रत्येक ओळीपुढे फोटोचा क्रमांक आणि कागदावरचा ओळ क्रमांक लिहिलेला हवा. शंका आल्यावर मूळ अक्षर बघायला परत जावं लागतंच. फोटोही व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत. नेहमीसारखे पाठवले तर ते आकुंचन पावतात आणि पेनाने लिहिलेले 1 आणि 7 एकसारखे दिसू लागतात.

फोनच्या बाबतीत दोन्ही साधनं जवळपास सारखीच. कुणी +91 लावतं, कुणी आधी शून्य, कुणी मधे रेघ, तर कुणी देवनागरीत आकडे लिहितं. अंक सोडून बाकी सगळं काढायचं आणि शेवटचे दहा ठेवायचे, एवढंच काम आहे. पण अंक नसलेलं सगळं काढणारा `\D` देवनागरी अंकांना अंक समजत नाही. आधी ते बदलून घेतले नाहीत तर अख्खा नंबर गायब होतो. ओपनरिफाइनमध्ये मी फोनच्या रकान्यावरून नवा रकाना असा करतो:

```
value.replaceChars('०१२३४५६७८९','0123456789').replace(/\D/,'').substring(-10)
```

एका चौकटीत दोन नंबर असतील तर ते त्याआधीच वेगळे करावेत, नाहीतर पहिला हरवतो. नंतर जे दहा अंकी नाहीत किंवा 6, 7, 8, 9 ने सुरू होत नाहीत ते बाजूला काढून फोटोशी ताडायचे. 2 ने सुरू होणारा बहुधा लँडलाइन असतो, जसा पुण्याचा (020), तो चुकीचा नसतो. देवनागरी १ घाईत 9 म्हणून वाचला जातो आणि ४ हा 8 म्हणून, त्यामुळे शंका आली की आधी तिथेच बघा.

खरा फरक पडतो तो यापुढे. समजा यादीत या चार ओळी आहेत. पहिल्या फोटोत Sunita Patil, नंबरचा शेवट 4417. तिसऱ्यात ‘पाटील सुनीता रमेश’, नंबर तोच. त्याच्याच खाली ‘पाटील रमेश’, नंबर पुन्हा तोच, कारण घरात एकच फोन लिहून द्यायची पद्धत आहे. चौथ्यात Suneeta R. Patil, शेवट 4477. माणसं दोन, ओळी चार.

स्प्रेडशीटमधलं ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ फोनवर चालवलं तर पहिली ओळ राहते, तिसऱ्या फोटोतल्या दोन्ही ओळी जातात आणि रमेशराव यादीतून नाहीसे होतात. नाव आणि फोन दोन्हींवर चालवलं तर एकही ओळ जात नाही, कारण नावं अक्षरशः सारखी नाहीत. मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. काम झाल्यावर किती ओळी काढल्या आणि किती उरल्या हे ते सांगतं, पण कोणत्या काढल्या ते दाखवत नाही. तपासणीचा अहवाल ज्याला द्यायचा तो माणूस यादीतून गेला आहे हे कळायला काही मार्गच राहत नाही. मला तरी हे चालण्यासारखं वाटलं नाही.

अर्थात हे बटण टाळूनही शीटमध्ये काम होतं. स्वच्छ फोनच्या रकान्यावर क्रम लावायचा, शेजारी `COUNTIF` ने तो नंबर किती वेळा आलाय ते मोजायचं आणि डोळ्यांनी बघत जायचं. यादी शे-दीडशेची असेल आणि एकदाच करायची असेल, तर नवं साधन शिकण्यापेक्षा हेच बरं, असं मला वाटतं.

ओपनरिफाइनमध्ये दुबार फोनचा फॅसेट, म्हणजे गाळणी, लावून त्यात true निवडलं की फक्त त्याच ओळी समोर राहतात, काहीही पुसलं जात नाही. नावांसाठी ‘क्लस्टर’ आहे, ते मिळतीजुळती नावं एका गटात आणतं. त्यातली फिंगरप्रिंट पद्धत विरामचिन्हं काढते, शब्द वेगळे करून अकारविल्हे लावते. त्यामुळे Patil Sunita आणि Sunita Patil आपोआप एकत्र येतात. आडनाव आधी लिहायची आपली सवय बघता हा मोठाच दिलासा आहे. ee चा i, oo चा u, w चा v करून नावाचा एक जोडरकाना बनवला की Suneeta आणि Pooja सुद्धा जागेवर येतात. मूळ रकाना मात्र तसाच ठेवावा.

अक्षरांचं अंतर मोजणारी लेव्हेनश्टाइन पद्धत मी जपून वापरतो. सुनीता आणि सुनिता यांच्यात एका खुणेचा फरक आहे, सविता आणि सरिता यांच्यातही एकाचाच. Ramesh आणि Rajesh तर सख्खे भाऊ असू शकतात. यंत्राच्या लेखी हे सगळे सारखेच जवळचे. म्हणून तिथे प्रत्येक गट वाचूनच खूण करायची. उच्चारावरून जुळवणाऱ्या पद्धती रोमन अक्षरांसाठी बनलेल्या आहेत, देवनागरी नावांना त्यांचा उपयोग नाही. रोमन Sunita आणि देवनागरी सुनीता यांना कोणतीच पद्धत स्वतःहून जोडत नाही. तिथे फोनच कामाला येतो, किंवा हाताने रोमन नाव लिहावं लागतं.

ओपनरिफाइनची एक अडचणही सांगायला हवी. क्लस्टरमध्ये ‘मर्ज’ केलं की नावाचं लेखन एक होतं, ओळी तेवढ्याच राहतात. ओळी एक करायला मी ‘व्यक्ती क्रमांक’ असा रकाना जोडतो आणि नियम साधा ठेवतो. फोन तोच आणि पहिलं नाव तेच, तर एक व्यक्ती. फोन तोच पण पहिलं नाव वेगळं, तर एक घर आणि दोन माणसं. नाव तेच पण फोनमध्ये एका अंकाचा फरक, तर फोटो उघडायचा. वरच्या उदाहरणात चौथ्या फोटोतला 7 मुळात 1 निघाला, की सुनीताताईंच्या तिन्ही ओळींना एक क्रमांक मिळतो आणि रमेशरावांना दुसरा. फोटोतही 7 च असेल तर त्या ओळीला वेगळा क्रमांक द्यायचा आणि ताईंना फोन करून विचारायचं.

हे सगळं शीटमध्येही जमतं, हे मान्य. पण ओपनरिफाइन प्रत्येक पायरीची नोंद ठेवतं. संध्याकाळी पाचवा कागद सापडला आणि मागची चूक दिसली, तर त्याच पायरीवर परत जाता येतं. फोन स्वच्छ करण्याच्या पायऱ्या उचलून पुढच्या शिबिराच्या यादीवर तशाच चालवताही येतात. शिवाय ते आपल्याच संगणकावर चालतं, ब्राउझरमध्ये `127.0.0.1:3333` वर उघडतं. लोकांनी विश्वासाने लिहून दिलेले नंबर बाहेर कुठे जात नाहीत. यादी आत घेताना आकडे ओळखण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे फोन मजकूर म्हणूनच येतील.

वर्षातून एकदाच लहानशी यादी करत असाल तर शीटमध्येच राहा, फक्त ते बटण दाबू नका. दर महिन्याला कागद येत असतील आणि एकाच फोनवर अख्खं घर नोंदवलेलं असेल, तर एक दुपार काढून ओपनरिफाइन शिकून घ्या.