१२.९ चा बोल्ट: झिंक, बेकिंग, फ्लेक की सरळ काळा?

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत हे नेहमीचं आहे, मशीनला १२.९ या ताकदीच्या ग्रेडचे अॅलन बोल्ट लागतात, काळे बोल्ट पावसाळ्यात गंजतात म्हणून कोणीतरी म्हणतं "झिंक मारून आण भो", आणि गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून संध्याकाळपर्यंत चकचकीत बोल्ट येतात. शनिवारी टॉर्कने टाइट केले, सगळं ओके, आणि सोमवारी बघतो तर एका बोल्टचं डोकं खाली पडलेलं, मशीन तर चालूपण केलेलं नव्हतं. सगळे म्हणतात माल डुप्लिकेट. असेलही, पण आधी तुटलेल्या जागेचा तोंडवळा बघा.

जास्त ताणून तुटलेला बोल्ट लांबतो, आटे खेचले जातात, तुटायच्या जागी बारीक होतो. फटीगने तुटला तर शिंपल्यासारख्या रेषा दिसतात. आणि डोक्याच्या खालच्या गोलाईतून किंवा पहिल्या आट्यात, अजिबात न लांबता, साखरेच्या दाण्यासारखा चमकत तुटला असेल, तेही टाइट केल्यावर काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनी, तर संशय हायड्रोजनवर घ्या. खात्री लॅबमध्येच होते, मायक्रोस्कोपखाली दाण्यांच्या सीमेवरून गेलेली चीर दिसते.

हायड्रोजन येतो कुठून? एक, गंज काढायला बोल्ट हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बुडवतात तिथून. दोन, प्लेटिंगच्या टाकीत बोल्ट कॅथोड असतो, झिंकसोबत थोडा हायड्रोजनपण तिथेच तयार होतो आणि स्टीलमध्ये घुसतो. वरून झिंकचा थर बसला की बाहेर निघायचा रस्ता जवळजवळ बंद. मग ताण दिला की तो हळूहळू जास्त ताणाच्या जागी गोळा होतो, म्हणून लगेच न तुटता उशिरा तुटतो. धोका कडकपणावर ठरतो, तो एचआरसीमध्ये मोजतात: ८.८ ग्रेडला (२२ ते ३२ एचआरसी) सहसा काही होत नाही, १०.९ (३२ ते ३९) काठावर, १२.९ (३९ ते ४४) थेट धोक्यात.

आता निवडायचं काय ते बघू.

बेकिंग म्हणजे हायड्रोजन बाहेर काढायला बोल्ट भट्टीत तापवून ठेवणं. झिंक करून ते न करणं, १२.९ साठी हा पर्यायच नाही, स्वस्त आहे म्हणून विचारूपण नका. १०.९ ला ३९ एचआरसीच्या आत असेल तर स्टँडर्डप्रमाणे चालतं, पण लॉटमधले चारपाच बोल्ट हार्डनेसला लावून बघा, कारण काही माल वरच्या टोकाला निघतो.

झिंक आणि बेकिंग, हे चालतं पण प्लेटिंगवाल्यावर भरवसा पाहिजे. १९० ते २२० डिग्रीला ठेवायचं, प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत भट्टीत गेलं पाहिजे, आणि १२.९ ला मी ८ तासांपेक्षा कमी मान्य करणार नाही, तेही बोल्ट तापल्यापासून मोजून, भट्टी चालू केल्यापासून नाही. क्रम महत्त्वाचा: आधी बेकिंग, मग पिवळं पॅसिव्हेशन, उलट केलं तर पिवळा थर उष्णतेने तडकतो आणि गंजरोधक काम जातं. बोल्ट मऊ होईल ही भीती नको, १२.९ आधीच ३८० डिग्रीच्या वर टेंपर झालेला असतो. पण अॅसिडमध्येच चीर पडली असेल तर बेकिंग ती बुजवत नाही, म्हणून अॅसिडऐवजी शॉट ब्लास्टिंग मागा.

झिंक फ्लेक, म्हणजे झिंक-अॅल्युमिनियमच्या चकत्यांचं कोटिंग, बुडवून, फिरवून, भट्टीत पक्कं करतात. करंट नाही, ब्लास्टिंग केलं तर अॅसिडपण नाही, त्यामुळे हायड्रोजन घुसायचा प्रश्नच जवळजवळ संपतो. अडचण एवढीच की छोटा लॉट कोणी घेत नाही आणि अॅलनच्या खाचेत कोटिंग साचतं.

काळा आणि तेल, शेडच्या आत असेल तर माझं मत इथेच. गंज लागतो, पण ऑइलिंग करत राहिलं तर पुरतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, बेकिंगने फक्त कारखान्यातला हायड्रोजन जातो. नंतर बाहेर पाण्यात झिंक गंजायला लागलं की नवा तयार होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये ९६ पैकी ३२ जाड अँकर रॉड ताण दिल्यावर काही दिवसांत तुटले, ते गॅल्व्हनाइज्ड होते आणि त्यांच्या भोकांत पाणी साचलेलं होतं.

म्हणून उघड्यावरच्या कामाला आधी विचारा, १२.९ लागतोच का? एम१६ चा १२.९ साधारण १५२ किलोन्यूटन प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न लांबता झेलायचा भार, घेतो. एम२० चा ८.८ घेतो १४७. जागा असेल तर भोक मोठं करा, ८.८ टाका, बिनधास्त झिंक करा.

जागा नसेल आणि झिंकच करायचं असेल तर लॉटमधले पाच बोल्ट जाड, कडक प्लेटमध्ये यील्डच्या, म्हणजे बोल्ट कायमचा लांबायला लागतो त्या ताणाच्या, जवळ टाइट करून ४८ तास ठेवा, मधे एकदा परत टाइट करा, मग खोलून डोक्याखाली नीट बघा. एकजरी तुटला किंवा चीर दिसली तरी सगळा लॉट परत, आणि प्लेटिंगवाल्याला भट्टीचा चार्ट मागा.