उतरताना अल्टिमीटरवर काय लावायचं: १०१३, क्यूएनएच की क्यूएफई?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, अल्टिमीटर उंची मोजतच नाही, तो हवेचा दाब मोजतो. आत पातळ पत्र्याची बंद डबी असते, बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते आणि काटा वर सरकतो, बस एवढंच. आता ही उंची कुठून मोजायची हे त्याला आपण सांगायचं, नॉब फिरवून छोट्या खिडकीत दाबाचा आकडा लावून.

वर क्रूझला सगळे १०१३ हेक्टोपास्कल हा ठरलेला प्रमाण दाब लावतात. तो आकडा खालच्या खऱ्या हवेशी जुळत नाही, पण सगळ्यांची चूक सारखीच असल्यामुळे विमानांमधलं अंतर बरोबर राहतं. खाली मात्र डोंगर आणि रनवे तुमच्या चुकीत सामील नसतात ना!

समजा रनवे समुद्रसपाटीपासून ६०० फुटांवर आहे आणि तिथला क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाला आणलेला स्थानिक दाब, ९९३. फरक २० हेक्टोपास्कल, खालच्या हवेत एकाला साधारण २७ फूट, म्हणजे ५४० फूट. १०१३ तसाच ठेवलात तर चाकं टेकली तरी काटा ११४० दाखवणार, म्हणजे वाटतं त्यापेक्षा तुम्ही खाली आहात, आणि हीच चूक जीवघेणी. क्यूएनएच लावला तर टेकल्यावर ६०० दिसेल. क्यूएफई, म्हणजे थेट रनवेवरचा दाब, इथे अंदाजे ९७१, लावला तर सरळ शून्य.

शून्य वाचायला सोपं, म्हणून एकाच फील्डवर सर्किट मारणाऱ्यांना क्यूएफई आवडतो. पण चार्टवरच्या टेकड्या आणि टॉवर समुद्रसपाटीपासून दिलेले असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी मनात बेरीज करावी लागते, आणि दुसऱ्या विमानतळावर वळायची वेळ आली की ते शून्य काही कामाचं नाही. माझं मत विचाराल तर क्यूएनएचच, ट्रान्झिशन लेव्हलला, म्हणजे उतरताना १०१३ सोडायच्या ठरलेल्या पातळीला लावायचा आणि दोन्ही वैमानिकांनी मोठ्याने म्हणून दोन्ही अल्टिमीटर ताडून बघायचे.

पण आकडाच चुकीचा मिळाला तर? मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर हेच झालं, १००१ ऐवजी १०११ सांगितला गेला आणि एक ए३२० रनवेच्या आधीच जमिनीपासून सुमारे ६ फुटांवर आलं, नशिबाने गो-अराउंड झाला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर चढलं. आयएलएस, म्हणजे जमिनीवरून रेडिओ बीमने वाट दाखवणारी यंत्रणा, असता तर ग्लाइड स्लोपचा, म्हणजे उतरणीचा रेडिओ बीम जागचा हलत नाही, त्यामुळे ठरलेल्या अंतरावरची उंची जुळली नसती आणि चूक पकडली गेली असती. पण ती अप्रोच दाबावर चालणारी होती, वाटच अल्टिमीटरसोबत खाली सरकली, म्हणून अंतर-उंचीचे आकडे तंतोतंत जुळत होते आणि विमान २७०-२८० फूट खाली! तिथे मदतीला येतो रेडिओ अल्टिमीटर, कारण तो दाबाला विचारत नाही, जमिनीवरून परतणारी लहर मोजतो. दुसरा उपाय म्हणजे एटिसवर, म्हणजे विमानतळाच्या रेकॉर्ड केलेल्या माहितीच्या प्रसारणावर ऐकलेला क्यूएनएच लिहून ठेवायचा आणि कंट्रोलरने वेगळा सांगितला की लगेच परत विचारायचं.