मेलच्या यादीतील रंग: आउटलुकचा नियम की थंडरबर्डचा टॅग?

शिरोली एमआयडीसीतील आमच्या कास्टिंगच्या कामात ग्राहकाच्या क्वालिटी विभागाकडून आलेली रिजेक्शनची तक्रार संध्याकाळची गाडी भरण्यापूर्वी नजरेस पडली नाही, तर त्याच दोषाचा पुढचा लॉटही रवाना होतो. असे मेल यादीतच रंगाने उठून दिसावेत, यासाठी मी जुने डेस्कटॉप आउटलुक आणि थंडरबर्ड असे दोन्ही मार्ग वापरले आहेत. जीमेलमध्ये रंग केवळ लेबलच्या छोट्या पट्टीला मिळतो, संपूर्ण ओळीला मिळत नाही, म्हणून ते येथे विचारात घेतलेले नाही.

दोन्हींमधील खरा फरक रंग कोठे असतो यात आहे. आउटलुकमध्ये View Settings मधील Conditional Formatting येथे नियम करून त्यात प्रेषक आणि विषयातील शब्द दिले, की यादी दाखवतानाच प्रत्येक ओळ त्या अटीवर तपासली जाते; मेलवर मात्र कसलीही खूण होत नाही. थंडरबर्डमध्ये Message Filters मधला फिल्टर मेल आल्यावर त्याला टॅग लावतो, आणि ओळीला दिसतो तो त्या टॅगचा रंग.

नियम वारंवार बदलणाऱ्याला आउटलुकची पद्धत निश्चितच सोयीची वाटेल. ग्राहकाकडे नवीन अधिकारी रुजू झाला आणि त्याचा पत्ता नियमात घातला, की त्याचे जुने मेलही त्याच क्षणी रंगतात. थंडरबर्डमध्ये फिल्टर बदलल्यावर जुन्या मेलसाठी फोल्डर निवडून Run Now दाबावे लागते, आणि पूर्वी चुकीने लागलेले टॅग त्याने निघत नाहीत. मात्र आउटलुकचा नियम त्या फोल्डरच्या दृश्यापुरताच असतो. मेल ग्राहकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवला, की तेच दृश्य तेथेही लागू केलेले नसेल तर रंग जातो.

माझा निर्णय झाला तो मात्र दुसऱ्याच त्रासामुळे. विषयात Rejection हा शब्द एकदा आला, की पुढील प्रत्येक उत्तरात Re: मागे तोच विषय येत राहतो. पाहणी झाली, बदली माल गेला, ग्राहकाने आभार मानले, तरी त्या आभाराची ओळसुद्धा लालच. आठवड्याच्या शेवटी आमच्या डिस्पॅचमधील सहकारी यादीकडे बघून विचारू लागला, ‘साहेब, हे लाल हाय ते झालंय का राहिलंय?’ आउटलुकच्या नियमातील More Choices मध्ये केवळ न वाचलेल्या मेलची अट घालता येते, पण मग मेल उघडताच रंग जातो, आणि मेल वाचणे म्हणजे काम उरकणे नव्हे. फ्लॅगची अट जोडून यातून वाट काढता येते, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना ती शिस्त जमते त्यांना माझी तक्रार कदाचित अवास्तव वाटेल.

थंडरबर्डमध्येही उत्तरादाखल आलेल्या मेलला फिल्टर टॅग लावतोच, परंतु काम संपल्यावर ओळ निवडून 1 दाबले की Important हा लाल टॅग निघतो, आणि 0 दाबले की सर्वच टॅग निघतात. त्यामुळे लाल म्हणजे शिल्लक, एवढा एकच अर्थ उरतो. मेल सर्व्हर स्वतःच्या खुणा ठेवू देणारा असेल तर आयमॅपवरून हा टॅग दुसऱ्या टेबलावरील थंडरबर्डमध्येही दिसतो. एकाने काढलेला रंग तेथेही निघतो, आणि आमच्याकडे तरी ‘हे कोण बघतंय’ ही विचारणा त्याने बरीच कमी झाली.

फिल्टर करताना शब्द जपून निवडावा लागतो. नॉन-कन्फॉर्मन्ससाठी Subject, contains, NC अशी अट दिली, तर ती अक्षरे शब्दाच्या पोटातही शोधली जातात आणि लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जात नाही. परिणामी Advance आणि Balance असा विषय असलेले पैशाचे सर्व मेल लाल होतात. म्हणून मी ग्राहकाच्या डोमेनची From अट आणि NC report असा पूर्ण शब्दसमूह अशा दोन अटी Match all of the following खाली ठेवतो. मेलच्या मजकुरात शब्द शोधण्याचा मोह सहसा टाळावा, कारण आयमॅपवर त्यासाठी मजकूर आधी संगणकावर उतरलेला असावा लागतो. शिवाय फिल्टर थंडरबर्ड चालू असतानाच काम करतो, आणि फोनवरील बहुतेक मेल ॲपमध्ये हा रंग दिसत नाही, हे गृहीत धरून चालावे.

रंगाचा उपयोग केवळ ‘हा मेल कोणाचा’ हे कळण्यापुरता असेल, जसे मालकांचे मेल निळे आणि बँकेचे हिरवे, तर आउटलुक सोडण्याचे मला कारण दिसत नाही, कारण तेथे रंग उतरवण्याची वेळच येत नाही. तक्रारी, शेड्यूलमधील बदल, थकलेले ड्रॉइंग अशी मिटवायची कामे असतील, तर मी थंडरबर्डकडेच बोट दाखवीन. पहिल्या आठवड्यात मात्र फिल्टर फक्त एका ग्राहकावर लावून, नको ते मेल लाल होतात का, हे पाहून घ्यावे.