रिसेप्शनचा वेळ दाखवून अपॉइंटमेंट सॉफ्टवेअर विकणं: आठ महिन्यांचा अनुभव

क्लिनिकच्या डॉक्टरांना फीचर्स सांगत बसणं मी आठ महिन्यांपूर्वी सोडलं आणि रिसेप्शनचा वाचणारा वेळ हाच मुद्दा धरला. ही पद्धत चालते, पण मी सुरुवातीला जशी वापरली तशी नाही.

तेव्हा मी सरळ सांगायचो, "रोज दोन तास वाचतील." त्यावर उत्तर ठरलेलं असायचं: "पण तिचा पगार तर मला तेवढाच द्यायचाय ना?" त्यांचं बरोबरच होतं. वाचलेला वेळ जातो कुठे, हे मी दाखवतच नव्हतो.

आता मी आधी एक सकाळ काउंटरमागे बसायची परवानगी मागतो. पेशंटचं नाव न लिहिता कागदावर फक्त रेघा मारतो: फोन कशासाठी आला आणि किती वेळ चालला. दोन डॉक्टरांच्या एका क्लिनिकमध्ये तीन तासांत ४४ फोन आले. नवीन अपॉइंटमेंटचे १६, प्रत्येकी साधारण अडीच मिनिटं. "डॉक्टर आले का, माझा नंबर कधी लागेल" असे १८, मिनिटभराचे. वेळ बदलायचे ४, तीन-तीन मिनिटांचे. बाकी सहा किरकोळ. म्हणजे सत्तरेक मिनिटं फक्त या तीन कामांत. त्याच वेळात सात फोन उचललेच गेले नाहीत, कारण समोर बिलासाठी पेशंट उभे होते. मिस्ड कॉलची ती यादी दाखवली तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

मी कबूल केला तो फक्त अर्धा तास. अर्धे पेशंट फोनच करणार, हे मी गृहीत धरतो. तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा रेघा मारल्या, तर फोन २७ आणि या तीन कामांना ३८ मिनिटं. सगळ्यात जास्त घटले "नंबर कधी" विचारणारे, कारण तो मेसेज आपोआप जातो. मिस्ड कॉल दोनवर आले.

पहिले दोन आठवडे मात्र काम वाढतं, आणि हे आधीच सांगावं लागतं. दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये मी ते सांगितलं नाही. रिसेप्शनवरच्या ताईंनी धास्तीनं वही चालूच ठेवली आणि एकाच वेळेला दोन पेशंट येऊन बसले. वहीत नाव आहे पण स्क्रीनवर नाही, असं दिसलं की समजावं, गाडी रुळावरून घसरतेय. आता वही बंद करायची तारीख मी त्यांच्याशीच बोलून ठरवतो. "माझी नोकरी जाणार का?" हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच, म्हणून वाचलेला वेळ बिलिंगला आणि आठवणीच्या फोनला जाईल, हे डॉक्टरांकडून त्यांच्यासमोरच वदवून घेतो.

जिथे सगळे पेशंट थेट येऊन टोकन घेतात, तिथे मी हा मुद्दा मांडत नाही. तिथे फोनच मोजके असतात, मग वाचवणार काय?