क्रँकची पुली काढताना: पुलर लावायचा की कडेला पहार घालायची?

आपल्याकडे रत्नागिरी, मालवण पट्ट्यात खारी हवा आणि पावसाळा, त्यामुळे या पुलीचा, म्हणजे हार्मोनिक बॅलन्सरचा, हब क्रँकच्या टोकावर गंजून जाम बसतो आणि मग गॅरेजमध्ये पोरं सरळ कडेला पहार घालतात. पण बॅलन्सर म्हणजे एकसंध लोखंड नाहीये, आत हब, बाहेर जड रिंग आणि मध्ये रबर, म्हणजे पहारीचा सगळा जोर रबरावर येतो आणि हब जागचा हलतच नाही, वर टेकू टायमिंग कव्हरचा घेतला आणि ते ॲल्युमिनियमचं असलं तर तडा गेलाच समजा.

पुलर हबलाच धरतो. सेंटर बोल्ट काढायचा, हबला आटे असलेली भोकं असतील तर पुलरचे बोल्ट त्यात हाताने नीट खोलवर बसवायचे, दोन आट्यांवर लटकवले तर आटेच उपटून येतात. मधला स्क्रू थेट क्रँकच्या भोकात घुसवू नका, आधी योग्य मापाचा टेकू ठेवा. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं तर अजून बरं. हबला भोकं नसतील तर तीन पायांचा पुलर चालतो, पण पाय हबच्या आऱ्यांमागे अडकवायचे, बाहेरच्या रिंगला कधीच नाही!

आधीच कोणी पहार घातली असेल तर हब ते रिंग खडूची सरळ रेघ मारा, थोडं इंजिन चालवा, बंद करून बघा. रेघ तुटली तर रबर सुटलंय, टायमिंगची खूण खोटी दाखवणार, बॅलन्सर बदलाच.